अर्धा चमचा म्हणजे किती? दीड महिन्याच्या लसीनंतरचा ताप

"सिस्टर, सकाळी दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपासनं बाळाचं अंग लई तापलंय. मांडी लाल झालीया, हात लावला की किंचाळतंय. काय बिघडलं तर नसंल ना? आणि पुढचं इंजेक्शन द्यायचंच का?"

वाळवा तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात लसीकरण झालं की त्या रात्री असे फोन येतातच. ही बाई दुसऱ्यांदा आई झालेली. "पण थोरल्याच्या वेळी मी माहेरी होते ओ, सगळं आईनंच बघितलं," असं ती रडवेल्या आवाजात सांगत होती. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "चांगलं हसतंखेळतं लेकरू नेलं आणि तापवून आणलं."

मी आधी एकच विचारलं, "अगं, सुई किती वाजता टोचली आणि अंग गरम कधी लागलं?"

"अकराला टोचली. साडेपाच वाजता दूध पाजायला घेतलं तवा चटका बसला."

लसीच्या तापात ही वेळ सगळ्यात जास्त कामाची असते. दीड महिन्याला डाव्या मांडीत देतो ती पेंटाव्हॅलंट लस पाच रोगांसाठी असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब गटाची कावीळ आणि हिब जंतूमुळे होणारे न्यूमोनिया-मेंदूज्वर. यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात मेलेले अख्खे जंतू असतात. ते बघून बाळाचं शरीर जागं होतं, लढायची तयारी करतं आणि त्या धावपळीत अंग तापतं. हा ताप बहुतेक वेळा त्याच दिवशी काही तासांत चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. अकराला लस आणि साडेपाचला ताप, हे बरोबर बसत होतं.

हाच ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्याने सुरू झाला असता, तर मी लसीचं नावही काढलं नसतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लसीशिवाय ताप आला तर तो धोक्याचं लक्षण धरतात आणि बाळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं लागतं. "लसीचाच असंल, उतरंल" म्हणत चार दिवस काढलेली घरं मी पाहिली आहेत. मला त्याची भीती लसीच्या तापापेक्षा फार जास्त वाटते. (नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीचं मात्र वेगळं आहे. तिचा ताप आठवडाभराने, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येऊ शकतो.)

वेळ जुळली तरी बाकीचं विचारावंच लागतं. दूध ओढतंय का? "थोडं पितंय, सोडतंय, परत घेतंय." शू झाली का? "दोनदा लंगोट बदलला." उचलून घेतल्यावर रडं थांबतं का? "खांद्यावर टाकलं की गप बसतंय, मांडीला धक्का लागला की परत." डोळे उघडून बघतंय? हातपाय हलवतंय? झटके आले का? अंग एकदम ढिलं पडून पांढरं-निळं झालं का? सगळी उत्तरं ठीक होती. मग फोन चालू ठेवून तिला बाळाचा श्वास मोजायला लावला. बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. तिने अठ्ठेचाळीस मोजले. या वयात साठ किंवा त्याहून जास्त भरले असते तर मी तिला घरी थांबू दिलं नसतं.

"आता थर्मामीटर लाव."

घरात करोनाच्या वेळचा डिजिटल थर्मामीटर होता, पण कुणी तो लावलाच नव्हता, हाताने कपाळ बघणं चाललं होतं. काखेत धरल्यावर १०१.२ आला. "बाळाच्या अंगावर काय काय आहे?" विचारलं तर कानटोपी, मोजे, जाड झबलं, वरून दुपटं आणि त्यावर गोधडी. पंखा बंद, दार लावलेलं. सासूबाईंच्या मते हवा लागली असती. मी त्यांना फोनवर घेतलं. "मावशी, त्याला थंडी वाजत नाही, उष्णता बाहेर पडायला वाट नाही. एक सुती झबलं ठेवा, बाकीचं काढा. पंखा लांबून बारीक लावा." वीस मिनिटांनी परत बघितलं तर १००.६. ताप होताच, पण त्यातला काही भाग गोधडीचा होता.

आणि मग ती म्हणाली, "सिस्टर, औषध द्यायचंय. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पॅरासिटामॉल अर्धा चमचा दे, त्यांच्या बाळाला तेवढंच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "थांब. घरात पॅरासिटामॉलच्या जेवढ्या बाटल्या आहेत तेवढ्यांच्या लेबलचा फोटो पाठव."

दोन फोटो आले. एक थोरल्याचं सिरप, पाच मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. दुसरी तिच्या मालकांनी संध्याकाळी मेडिकलमधून आणलेली थेंबांची छोटी बाटली, एका मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. शेजारणीच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही विचारून घेतलं: पाच मिलीमध्ये १२५.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सकाळी आमच्याच काट्यावर बाळ ४.४ किलो भरलं होतं, म्हणजे त्याला एका वेळी साधारण ४४ ते ६६ मिलिग्रॅम चालतं. आता अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली धरू. शेजारणीच्या बाटलीतून अर्ध्या चमच्यात ६२ मिलिग्रॅम जातं, ते बरोबर. थोरल्याच्या बाटलीतून १२५ गेलं असतं, जवळपास दुप्पट. आणि थेंबांच्या त्या इवल्या बाटलीतून २५० मिलिग्रॅम, म्हणजे खरं तर बाळाच्या पाच डोसांएवढं. बाटली लहान आणि बाळांची म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं, पण थेंबांचं औषध सगळ्यात घट्ट असतं. असा जास्त डोस पुन्हा पुन्हा गेला तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला बाळाकडे बघून ते कळतही नाही.

"बाटलीबरोबर ड्रॉपर आलाय ना? त्याच्यावर ०.५ ची रेघ आहे. तेवढंच, म्हणजे ५० मिलिग्रॅम. जिभेवर एकदम सोडू नकोस, गालाच्या आतल्या बाजूला हळू सोड. परत लागलं तर सहा तासांनी, आणि तेही अंग तापलं असेल तरच. पहाटेपर्यंत दोनदाच्या वर नाही. वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, नाहीतर तू एकदा देशील आणि सासूबाई परत देतील."

थोरल्याच्या सिरपला हात लावायचा नाही हेही सांगितलं. बऱ्याच घरांत मोठ्या मुलाच्या तापाच्या बाटलीत पॅरासिटामॉलसोबत मेफेनॅमिक ॲसिड असतं किंवा नुसतं आयबुप्रोफेन असतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही औषधं स्वतःच्या मनाने द्यायची नसतात.

तिने विचारलं, "मग हे औषध सकाळीच, टोचायच्या आधी दिलं असतं तर ताप आलाच नसता ना?" बरेच जण असं करतात. पण २००९ साली चेक प्रजासत्ताकातल्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लसीबरोबरच ताप टाळण्यासाठी पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींची प्रतिपिंडंही कमी तयार झाली. म्हणून ताप येऊन बाळ बेचैन झालं तरच औषध द्यायचं.

रात्रीसाठी तिला सांगितलं की १०२ च्या वर गेला, दूध ओढणं बंद झालं, झटका आला, बाळ हलवूनही नीट जागं होईना, श्वासाला छाती आत ओढली जाऊ लागली किंवा तीन तास सलग न थांबता किंचाळून रडलं, तर मला विचारत बसू नको, १०८ ला फोन लाव. मधल्या वेळात जास्त वेळा अंगावर पाजायचं. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही.

सकाळी आशाताईंना घेऊन घरी गेले. ताप ९९.४. बाळ आईच्या कुशीत पीत होतं. डाव्या मांडीवर रुपयाएवढी लाली आणि हाताला लागणारी गाठ होती. सासूबाईंनी रात्री हळदीचा लेप लावून तवा गरम करून शेकायचं ठरवलं होतं, सुनेने थांबवलं. बरं झालं. टोचलेल्या जागी शेक नको, चोळणं नको, लेप नको. स्वच्छ कापड साध्या गार पाण्यात भिजवून, पिळून नुसतं वर ठेवायचं, बर्फ नाही. लाली दोन-तीन दिवसांत जाते. न दुखणारी टणक गाठ काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते. लाली वाढत चालली, जागा गरम आणि मऊ लागली किंवा पू दिसला तर ती दाखवायचीच.

मग सासूबाईंनी मनातलं काढलं. "पावणे म्हणत होते, सांगलीत खाजगीत बिनतापाची सुई मिळती. मग हे सरकारी कशाला?"

"मिळते, मावशी. तिच्यात डांग्या खोकल्याचे अख्खे जंतू नसतात, त्यांचे निवडक तुकडे असतात, म्हणून ताप-सूज कमी. पण तिचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. म्हणून आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही पहिल्या तीन डोसांना जमेल तिथे ही आपली जुनीच लस पसंत करतात. एक दिवसाच्या तापासाठी मी तरी ती बदलणार नाही."

पुढचा डोस चार आठवड्यांनी, अडीच महिन्यांना, आणि तिसरा साडेतीन महिन्यांना. लसीनंतर ताप येऊन गेला म्हणून तो थांबवायचा नसतो. लसीनंतर लगेच श्वास कोंडून अंगावर गांध्या उठणं अशी तीव्र ॲलर्जी झाली असती, किंवा सात दिवसांत मेंदूवर परिणाम दिसला असता, तर पेंटा पुन्हा दिली नसती. तसं काही इथे नव्हतं. मी बाळाच्या कार्डावर मागे लिहिलं: पहिल्या पेंटानंतर त्याच दिवशी ताप १०१.२, दुसऱ्या सकाळी ९९.४. आशाताईंनी त्याखाली दुसऱ्या डोसाची तारीख टाकली.

"त्या वेळी पण अर्धा मिलीच द्यायचं का?" आईने विचारलं.

"नाही. तोवर त्याचं वजन वाढलेलं असेल. लसीच्या आधी काट्यावर ठेवू, तुझ्याच बाटलीच्या हिशोबाने ड्रॉपरची रेघ ठरवू आणि कार्डावर लिहून देऊ. येताना ती बाटली घेऊन ये."