कढईतून लगेच काढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सूनबाईंना तिसरा महिना, हिमोग्लोबिन 9.4 आणि फोडणीच्या वासानेच उमळून येतं, असं लिहिलंस. तुझ्या काकूची हीच गत होती. आम्ही तेव्हा अंबाजोगाईत दोन खोल्यांत राहायचो आणि मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं.

नर्सबाई म्हणाल्या, लोखंडी कढईत भाजी करा. मी आईची जुनी कढई काढली, अंबाडी शिजवली आणि शहाणपणाने रात्रभर त्यातच ठेवली. सकाळी भाजी काळीठिक्कर, वास गंजक्या खिळ्याचा. एक घास घेतला अन् ही मोरीकडे पळाली. आंबट पदार्थात कढईतलं लोह उतरतं हे खरं, पण शिजताना उतरतं तेवढं पुरे. भाजी झाली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढायची.

शेवटी तिला चालली ती मटकी. रात्री भिजवायची, सकाळी फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड येतात. मोड आले की धान्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य कमी होतं. मी ती नुसती वाफवायचो, फोडणी नाहीच, आणि कुकर उघडायचो अंगणात. निवली की मीठ घालून ज्वारीच्या भाकरीच्या चतकोराबरोबर द्यायचो. गार अन्नाचा वास कमी येतो. एकदम वाटीभर नाही, दोन-दोन तासांनी चार चमचे. लिंबू मात्र ताटात पिळायचं, चुलीवर नाही. सी जीवनसत्त्व उष्णतेने जातं, आणि डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला ते त्याच घासाबरोबर लागतं.

एक घोळ मला महिनाभर कळला नव्हता. मटकी खाल्ली की लगेच मीच तिला कपभर चहा द्यायचो! चहाने लोह फार कमी शोषलं जातं. तो बंद करायला लावू नकोस, भांडण होईल. जेवणापासून तासभर लांब सरकव.

मात्र 9.4 नुसत्या मटकीने वर येत नाही. गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे रक्त कमीच, तेव्हा गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्या घ्यायच्याच. सकाळी उपाशीपोटी मळमळ वाढते, म्हणून आम्ही रात्री झोपताना घ्यायचो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळे. पण पाणीसुद्धा पोटात ठरेना, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, तर माझ्या पत्राची वाट न बघता दवाखान्यात ने.

कढई एसटीने पाठवतोय. गंज दिसला तर चिंचेने घास, पुसून कोरडी कर आणि तेलाचा हात फिरवून ठेव.

तुझा,
काका