मासे खाल्ल्यावर लगेच उलटी आणि चेहरा लाल

प्रश्न: ट्यूना खाल्ल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तोंड लालभडक झालं. हे नेहमीचं फूड पॉयझनिंगच ना?

बहुधा नाही, ही हिस्टामीनची, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाची विषबाधा वाटते. ट्यूना, बांगडा असे मासे पकडल्यावर बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही. माशाला खराब वासही येतोच असं नाही. कधी जिभेला मिरीसारखं चरचरतं, तेवढीच खूण.

हिस्टामीन माशात आधीच तयार असतं, म्हणून दहा मिनिटं ते तासाभरातच चेहरा-मान तापते, डोकं ठणकतं, धडधडतं, उलटी होते. नेहमीच्या विषबाधेत बहुतेकदा काही तासांनी पोटात कळ, जुलाब, कधी ताप येतो. अंग लाल होत नाही.

ॲलर्जीही अशीच दिसते. तोच मासा खाल्लेल्या इतरांनाही झालं असेल, तर संशय माशावर. हिस्टामीनविरोधी गोळीने सहसा उतार पडतो, एरवीही दिवसभरात ओसरतं. पण श्वास लागला, जीभ सुजली किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

शिंपल्यांनंतर ओठ बधिर होऊन मुंग्या आल्या, तर ते वेगळंच, मज्जातंतूंवरचं विष. त्याला गोळी नाही आणि श्वासाचे स्नायू थांबू शकतात, तेव्हा वाट पाहू नका.