कावळ्याची बाजू लिहिणाऱ्या मुलीला

बाय,

कावळ्याच्या बाजूनं लिहिलेली तुझी चिऊ-काऊची गोष्ट वाचली. तुझा कावळा चिमणीला घर बांधायला मदत करतो, चिमणीच कपटी निघते, आणि शेवटी तो पानभर सांगतो की मी वाईट नाही. हे वकीलपत्र झालं गो. वाईट असलेल्याला चांगलं केलंस, चांगलीला वाईट. तात्पर्य होतं तिथंच राहिलं, नुसती माणसं बदलली.

घटना बदलू नकोस. मूळ गोष्टीतलं सगळं तसंच घडू दे: शेणाचं घर पावसात वाहून जातं, कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो, चिमणी बाळाची अंघोळ, पावडर, तीट आटोपते, मग दार उघडते आणि थंडी घालवायला त्याला तापल्या तव्यावर बसवते. वाचणाऱ्याला हे पाठ असतं, म्हणून तर हसू येतं. तू घटना बदललीस की त्याला धरायला काही उरत नाही.

बदलायचं ते कावळ्याचं डोकं. आपलं घर वाहून गेल्याची त्याला लाज कशाला? इथं शेणानं सारवलेलं खळं दर पावसाळ्यात जातंच, आणि पाऊस सरला की लोक ते पुन्हा करतात. शेण गोठ्यात फुकट, मेणासाठी पोळं मोडावं लागतं. एवढा हिशोब त्याच्या तोंडी दे आणि थांब. त्याला हे गंभीरपणे वाटलं पाहिजे. तो विनोद करायला लागला की विनोद मेला.

दाराशी तीन वेळा हाक असू दे, पण हाकेनंतरचं बोलणं दर वेळी आखूड कर. पहिल्यांदा तीन ओळी: ‘चिमणे, दार उघड गो. अंघोळ घालतंस? घाल घाल, पाणी कोमट घे.’ दुसऱ्यांदा एकच: ‘तीट कानामागं लाव, नायतर दृष्ट लागात.’ तिसऱ्यांदा नुसती शिंक. तिन्ही सारख्या लांबीच्या ठेवल्यास तर ऐकणारा दुसरीलाच जांभई देईल. तुझ्या खर्ड्यात नेमकं तेच झालंय.

आता तव्याकडे बघ. मेणाच्या घरात चूल पेटलीय! मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. म्हणजे गोष्टीतली शहाणी बाई जळत्या चुलीसकट मेणात बसलीय, आणि हे भोक मूळ गोष्टीतच आहे. तुला काही घुसडावं लागत नाही. घटना बदलू नकोस म्हणतो ते यासाठीच, मग कितीही हट्टी म्हण मला.

तात्पर्य इथं उलटतं. चिमणीनं दाराबाहेर ताटकळत ठेवलं म्हणूनच कावळा वाचला. हे वाक्य मात्र लिहू नकोस. चटका बसला की तो ओरडत दाराबाहेर उडू दे, मूळ गोष्ट तिथंच संपते. पुढची एक ओळ तुझी: बाहेर पावसात बसून तो शेपूट गार करतोय, आणि आत तव्यावर वरून काहीतरी टप् करून पडतं.