व्हायरल लोड ४,२०० आहे, मग गोळी सुरू करायची की थांबायचं?

प्रश्न: "रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून फोन आला की हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. वय ३८, त्रास काहीच नाही. एसजीपीटी २९, व्हायरल लोड ४,२००. एक डॉक्टर म्हणाले लगेच गोळी सुरू करा, दुसरे म्हणाले तीन महिन्यांनी या. औषध नेमकं कधी सुरू करतात?"

मी यकृतविकारांच्या ओपीडीत बसते. रक्तपेढीचा किंवा ऑपरेशनआधीच्या तपासणीचा कागद घेऊन, चेहरा उतरलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. एसजीपीटी म्हणजे यकृताची सूज दाखवणारा आकडा, व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे तो. तुमच्या या दोन आकड्यांवर मीही बहुधा तीन महिन्यांनीच बोलावलं असतं. पण या काळात काय बघायचं आहे हे पेशंटला नीट सांगितलं नाही, तर तो पुन्हा येत नाही. त्रास नसतोच, मग यावं तरी कशाला? अशी माणसं पुढे पोटात पाणी झाल्यावर येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आधी तुमचा रिपोर्ट पुन्हा उघडा आणि ४,२०० च्या पुढे एकक काय छापलंय ते बघा. औषधाबद्दलचे सगळे आकडे 'आययू प्रति मिली'मध्ये असतात. काही रिपोर्टांवर 'कॉपीज' लिहिलेलं असतं, आणि एक आययू म्हणजे साधारण पाच कॉपीज. म्हणजे तुमचे ४,२०० कॉपीज असतील तर खरा आकडा ८०० च्या आसपास येतो आणि सगळं चित्रच बदलतं. दुसरं, हीच तपासणी पुढे त्याच लॅबमध्ये करत राहा. या चाचणीत दुप्पट-तिप्पट फरक नुसत्या मोजणीमुळेही पडतो. पुढच्या वेळी ७,००० आले तर विषाणू वाढला असं समजू नका. ५०,००० आले तर मात्र तो बदल खरा.

आता मूळ मुद्दा. हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, त्यातून सूज येते आणि वर्षानुवर्षांच्या सुजेतून व्रण साचत जातात. म्हणून विशीतल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू कोटींमध्ये असतो आणि यकृत मऊ, एसजीपीटी नॉर्मल असतं. उलट चाळिशीतल्या एखाद्याचा लोड काही हजारच असतो आणि यकृत कडक व्हायला लागलेलं असतं. त्यामुळे एकटा व्हायरल लोड काही ठरवत नाही. लोड, एसजीपीटी आणि यकृताचा कडकपणा हे तीन आकडे शेजारी ठेवून बघावे लागतात, आणि तेही एकदा नाही, वर्षभर.

एका पेशंटचं उदाहरण सांगते. वय ३६, हर्नियाच्या ऑपरेशनआधी पॉझिटिव्ह निघाले. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्हच, म्हणजे आजार जुनाट आहे हे पक्कं झालं. ई अँटिजेन, म्हणजे विषाणू जोरात वाढत असताना रक्तात सापडणारं त्याचं प्रथिन, निगेटिव्ह. एसजीपीटी २४, लोड ९००, आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन ५.१ किलोपास्कल. कुणीही म्हणेल, शांत आहे. मी फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेनाने दोन रेघा आखल्या, वरची लोडची, खालची एसजीपीटीची, आणि दर तीन महिन्यांनी एकेक टिंब द्यायला लागले. पुढची दोन टिंबं जवळपास तिथेच पडली. नवव्या महिन्यात एसजीपीटी ५८ आणि लोड ४६,०००.

तरीही त्या दिवशी मी गोळी लिहिली नाही. एसजीपीटी दारूने वाढतं, चरबीने वाढतं, एखाद्या नव्या औषधाने किंवा काढ्यानेही वाढतं. ते सगळं खोदून विचारलं, सोनोग्राफी केली, त्यात चरबी नव्हती. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर ६४ आणि ५२,०००. फायब्रोस्कॅन ८.६. एसजीपीटी खूप चढलेलं असेल तर नुसत्या सुजेनेही हा आकडा फुगतो, पण ६४ ही काही तेवढी मोठी वाढ नव्हती. तिन्ही आकडे आता एकाच बाजूला झुकले होते. त्या दिवशी टेनोफोव्हिर सुरू केलं. वर्षाच्या आत लोड चाचणीत सापडेनासा झाला आणि एसजीपीटी खाली आलं.

पहिल्या कागदावरच थांबलो असतो तर त्यांना 'निष्क्रिय वाहक' म्हणून घरी पाठवलं असतं. ई अँटिजेन निगेटिव्ह असलेल्यांमध्ये विषाणू असाच मधूनमधून डोकं वर काढतो, म्हणून पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी बोलवायचं. वर्षभर सगळं शांत राहिलं तर मग सहा महिन्यांवर जाता येतं.

ढोबळ रेघ अशी: लोड २,००० च्या वर आणि एसजीपीटी सतत वाढलेलं, तर औषध. यातली 'वाढलेलं'ची मर्यादा लॅबच्या कागदावर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी धरतात, पुरुषांत साधारण ३० ते ३५, बायकांत त्याहूनही कमी. यकृतात बऱ्यापैकी व्रण दिसले तरी औषध. सिरोसिस असेल तर लोड कितीही कमी असो, थांबायचं नाही. घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झाला असेल, मधुमेह असेल, किंवा केमोथेरपी वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार असतील, तर ते आधी सांगा, कारण तिथे निर्णय लवकर घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ही मर्यादा आणखी सैल केली. तुमच्या दोन डॉक्टरांत फरक पडला तो बहुधा यामुळेच. तुमचा लोड रेघेच्या वर आहे, एसजीपीटी खाली आहे. अशा वेळी तिसरा आकडा कौल देतो, आणि तुम्ही फायब्रोस्कॅनचा उल्लेखच केलेला नाही. तो करून घ्या, तीन तास उपाशी पोटी. आकडा ७ च्या वर आला तर लगेच गोळी म्हणणाऱ्या डॉक्टरांचं बरोबर.

मग सगळ्यांनाच गोळी का देऊन टाकत नाही? कारण ती पेशीतला मूळ साठा पुसत नाही. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात घट्ट वळकटी करून बसलेला असतो, आणि गोळी फक्त त्याच्या नव्या प्रती निघणं बंद करते. गोळी थांबली की छपाई पुन्हा सुरू. म्हणून बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते, टेनोफोव्हिरवर असताना किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. लोड 'सापडत नाही' असा रिपोर्ट आला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद केलेला एक पेशंट माझ्याकडे चार महिन्यांनी पिवळाधमक होऊन आला होता, एसजीपीटी हजारावर. तो वाचला, पण सगळेच वाचत नाहीत.

या आठवड्यात आणखी एक करा. जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं, सगळ्यांची संसर्ग दाखवणारी एचबीएसएजी आणि संरक्षण दाखवणारी अँटिबॉडीची तपासणी करून घ्या. ज्यांना संसर्ग झालेला नाही आणि संरक्षणही नाही त्यांना लस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ताट-वाट्या वेगळ्या करू नका, त्यातून हा पसरत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र तुमचं तुमच्यापाशी ठेवा.