खोचक प्रश्नाला उत्तर देताना सभा हातात कशी ठेवाल?

"व्याख्यानानंतर कुणी मुद्दाम खोचक किंवा विषय सोडून प्रश्न विचारला तर काय करावं? मागच्या वेळी मी त्याच्याशी वाद घालत बसलो आणि अर्धी माणसं उठून गेली."

मी गावोगावी सर्पदंशावर बोलतो. हा प्रसंग मला दर दोन-तीन कार्यक्रमांत एकदा तरी येतो, म्हणून त्यातलाच एक सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडावर एका गावच्या समाजमंदिरात बोलत होतो. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे भिंतीला टेकून. बोलणं संपलं तसे मागून एक वयस्कर गृहस्थ उठले. "आमच्याकडं दहा पिढ्या मंत्रानं साप उतरवत्यात. माणसं बरी होत्यात. तुम्ही शहरातनं येऊन आम्हाला शिकवणार? औषधकंपनी किती देती तुम्हाला?"

मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मधेच तोडलं की प्रश्न बाजूला पडतो आणि "बोलू पण देत नाही" हे लोकांच्या लक्षात राहतं. ते थांबल्यावर मीही एक श्वास थांबलो. मग त्यांच्या बोलण्याचे मनात तीन भाग केले: टोमणा, आरोप आणि प्रश्न. 'शहरातनं येऊन' हा टोमणा. तो मी उचललाच नाही. पैशाचा मात्र आरोप होता. तो तसाच सोडला असता, तर पुढचं उत्तर कुणी ऐकलं नसतं, सगळे त्याचीच वाट बघत बसले असते. म्हणून आधी एका वाक्यात तो संपवला: "कंपनीचा एक रुपया नाही, एसटीचं भाडं ग्रामपंचायतीनं दिलंय." त्यावर 'विश्वास नसेल तर विचारा' वगैरे काही जोडलं नाही. खुलासा लांबला की संशय वाढतो.

मग प्रश्न माझ्या शब्दांत सगळ्यांना सांगितला: "काका म्हणतात, मंत्रानं माणसं बरी होतात, मग दवाखाना कशाला?" मागचं पुढच्यांना नीट ऐकू आलेलं नसतं, त्यामुळे हे सांगावंच लागतं. आणि असं सांगताना त्यातला राग आपोआप गळून पडतो. फक्त अर्थ बदलायचा नाही. बदललात तर विचारणारा तिथंच ओरडून दुरुस्त करतो, आणि तेव्हा त्याचं बरोबर असतं.

उत्तराचं पहिलं वाक्य काकांकडे बघून म्हणालो, "माणसं बरी होतात हे खरं आहे." ते खरंच आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं मंत्राविनाही बरी होतात. एवढं बोलून नजर हळूहळू पुढच्या बायकांकडे वळवली. "पण मण्यार रात्री झोपेत चावते. दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पुढं पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. त्या माणसाला प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र लागतं. मंत्रात गेलेला तास त्याला परत मिळत नाही." शेवटचं वाक्य उजव्या कोपऱ्यातल्या पोरांकडे बघून संपवलं. हे मुद्दाम करतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत थांबलात की ते त्याला पुढचा प्रश्न विचारायचं आमंत्रण होतं, आणि मग सभा दोघांचं भांडण बघत बसते.

सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका माणसाला मी हसून उत्तर दिलं होतं. लोकही हसले, पण त्यानंतर कुणी एकही प्रश्न विचारला नाही. तो त्यांच्या गावचा होता, मी पाहुणा. सभा सुटायला लागली की ते दिसतं: माणसं तुमच्याकडे बघायचं सोडून एकमेकांकडे किंवा जमिनीकडे बघतात. तसं दिसलं की उत्तर लगेच आवरा.

विषय सोडून आलेला प्रश्न सोपा असतो. "बिबट्याला पिंजरा कधी लावणार?" असं विचारलं तर मी म्हणतो, "तुमची काळजी रास्त आहे, पण ते वनविभागाच्या हातात आहे. १९२६ वर फोन करा. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबतो, तिथं बोलू." आणि खरोखर थांबतो. माईक मात्र कार्यकर्त्याच्या हातातच राहू द्यायला सांगतो. श्रोत्याच्या हातात गेला की एका प्रश्नाचे चार होतात.

आणि एक गोष्ट अशी, जिथे यातलं काहीच चालत नाही. एका बाईंनी चिडून विचारलं होतं, "दवाखान्यात नेलं तर तिथं लसच नव्हती, मग?" हा राग खरा होता, त्यातून वेगळं काढण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, "ताई, हे व्हायला नको होतं." मग सरपंचांना तिथंच विचारलं, जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे याची दर महिन्याला खात्री कोण करणार? आशाताईंनी हात वर केला. समाजमंदिराच्या फळ्यावर त्या दवाखान्याचा नंबर लिहूनच आम्ही उठलो.