फक्त एररचा स्क्रीनशॉट आला, तर सुरुवात कुठून करावी?

"लोक एररचा नुसता स्क्रीनशॉट पाठवतात, सोबत एक शब्दही नसतो. त्यावरून कारण कसं ओळखायचं?"

एररचा कोड आधी वाचाच, पण तिथे थांबू नका. स्क्रीनचे कोपरेही बघा. एक प्रसंग सांगतो.

एका सोमवारी सकाळी अकाउंट्समधल्या ताईंचा व्हॉट्सॲपवर नुसता फोटो आला. क्रोमचं पान, त्यावर लाल त्रिकोण आणि खाली बारीक अक्षरात `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. म्हणजे वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत आणि कॉम्प्युटरवरची तारीख जुळत नाहीये. अशा वेळी दोघांपैकी एक चुकलेलं असतं, साइट तरी किंवा कॉम्प्युटर तरी. मी फोटो मोठा करून उजवा खालचा कोपरा पाहिला. घड्याळाखाली 01-01-2018. आजचं प्रमाणपत्र 2018 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो ते नाकारतो. (कधी क्रोम स्वतःच `Your clock is behind` असं सांगतं, इथे सांगितलं नव्हतं.) तारीख बरोबर असती आणि एकच साइट अडली असती, तर त्या साइटने प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं नाही असं मी धरलं असतं. तिथे आपल्या हातात काही नसतं.

आता तारीख मागे का गेली? सोमवार हा दुसरा धागा. शनिवारी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडतात. प्लग चालू असेपर्यंत पीसी बंद असला तरी मदरबोर्डला थोडी वीज मिळते आणि घड्याळ चालत राहतं. वीज पूर्ण तुटली की सगळी भिस्त मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर, बहुतेक डेस्कटॉपमध्ये CR2032, 3 व्होल्टचा. तो संपला असेल तर तारीख बायोसच्या मूळ तारखेवर जाऊन बसते. इंटरनेट असूनही ती आपोआप सुधारेलच असं नाही. घरगुती सेटिंगमध्ये विंडोजची टाइम सर्व्हिस 15 तासांहून मोठा फरक सहसा स्वतःहून भरून काढत नाही.

मी ताईंना फोन करून तारीख हाताने बदलायला सांगितली. पान लगेच उघडलं. पण सेलचा संशय अजून पक्का नव्हता, कारण कुणी चुकून तारीख बदलली असती तरी हेच दिसलं असतं. म्हणून रात्री मेन स्विच बंद ठेवून सकाळी बघायला सांगितलं. तारीख पुन्हा 2018. मग मात्र सेल बदलला.

एक अडचण नेहमी येते. लोक एररची चौकट तेवढी कापून पाठवतात आणि घड्याळ, पत्त्याची पट्टी, मागच्या खिडक्या सगळं जातं. तेव्हा "काय झालं?" असं विचारू नका, "काही नाही, एरर आली" एवढंच उत्तर मिळतं. "पूर्ण स्क्रीनचा फोटो पाठवा, खालची पट्टी दिसू दे, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. डॉक्युमेंट म्हणून, कारण एरवी व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक अक्षरं पुसट करतं, आणि तारीख त्याच अक्षरांत असते.