मत मागताना एवढं सांभाळ

तुझं मिसळीचं दुकान शहरातल्या ऑनलाइन स्पर्धेत आहे आणि लोकांकडे मतं मागायची आहेत, तर आधी स्वतः मत देऊन बघ. मोबाईल नंबर आणि ओटीपी लागतो का, रोज एक मत चालतं की एकदाच, हे कळल्याशिवाय कुणाला सांगू नकोस. ओटीपी लागत असेल तर तसं पोस्टमध्येच लिही, कारण अनोळखी पानावर नंबर टाकायला लोक बिचकतात आणि ते बरोबरच आहे.

सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर लिंक टाकू नकोस. स्टेटस आणि स्टोरी पुरे, ज्याला बघायचं तो बघतो. तुझ्या मिसळीच्या दुकानासाठी असं लिही: ‘आपली मिसळ शहरातल्या स्पर्धेत आहे. आवडत असेल तर रविवारपर्यंत मत देता येईल. ओटीपी लागतो, मत एकदाच.’ खाली लिंक, बस. ‘तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला’ हे नको. त्याने मत मिळेलही, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी अवघडून येतं.

सुरुवातीला एकदा, शेवटच्या दिवशी एकदा, एवढंच. मधल्या दिवसांत कटाची, तर्रीची नेहमीची पोस्ट टाकत राहा. काउंटरवर ‘मत दिलंत का?’ विचारू नकोस. मतावर पाव फुकट द्यायच्या आधी नियम वाच, अशाने नाव बाद होऊ शकतं.